प्रिंट दाबलं तरी काहीच होत नाही: हॉल तिकीट, फीची पावती आणि अडकलेलं पॉप-अप

प्रश्न: बहिणीचं सरकारी भरतीचं हॉल तिकीट काढायचंय. लॅपटॉपवर क्रोममध्ये प्रिंटचं बटण दाबलं की काहीच होत नाही, नुसतं गोल फिरत बसतं. मागच्या महिन्यात फी भरली तेव्हापण पैसे कटले आणि पावती आलीच नाही, मी घाबरून रिफ्रेश मारला. मित्र म्हणतो पॉप-अप ब्लॉक होतंय. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याच साइटला अलाऊ करून टाकू का? आणि ती जुनी पावती आता मिळेल का?

उत्तर:

सगळ्या साइटला अलाऊ नका करू, गरजच नाही. तुमचा मित्र बरोबर बोलतोय, गोल फिरत राहणं ही त्याचीच खूण आहे, ते का ते खाली सांगतो. आणि जुनी पावती बहुतेक मिळेल, कारण पावती काही त्या पॉप-अपच्या खिडकीत नसते, ती सर्व्हरवर असते, खिडकी फक्त दाखवायचं काम करते.

मी तालुक्याच्या गावात गेली बारा-तेरा वर्षं सेवा केंद्र चालवतो, फॉर्म भरणं, दाखले, हॉल तिकीट हाच धंदा. भरतीच्या सीझनला दिवसाला पाच-सहा जण तरी हीच तक्रार घेऊन येतात, "साइट बंद आहे". साइट बंद नसते, खिडकी अडवलेली असते.

आधी हॉल तिकिटाचं बघू. प्रिंटचं बटण दाबा आणि लगेच वर ॲड्रेस बारकडे बघा, पण डावीकडे कुलूप असायचं तिथे नाही, उजव्या टोकाला, जिथे बुकमार्कचा तारा असतो त्याच्या आसपास. तिथे एक छोट्या खिडकीचं चिन्ह येतं आणि त्यावर लाल खूण असते. इतकं बारीक असतं की माझ्याकडे येणाऱ्या लोकांना बोट दाखवून सांगितलं तरी पटकन दिसत नाही. त्यावर क्लिक केलं की एक चौकोन उघडतो, वर लिहिलेलं असतं Pop-ups blocked, आणि खाली अडवलेल्या खिडकीचा पत्ता निळ्या अक्षरात. बहुतेक लोक हा पत्ता नुसता वाचून सोडतात, पण ती लिंक आहे, तिच्यावर क्लिक केलं की अडवलेली खिडकी तिथल्या तिथे उघडते. पान रिफ्रेश करायला नको, परत लॉगिन नको, ओटीपी नको.

त्याच चौकोनात खाली Always allow pop-ups and redirects from असं लिहून पुढे त्या साइटचं नाव असतं. तो गोल निवडायचा, Done दाबायचं, आणि मग पानावरचं प्रिंटचं बटण परत दाबायचं. एवढीच परवानगी लागते, फक्त त्या एका साइटला.

आता एक गोची. कधी कधी त्या यादीत साइटचा पत्ता न दिसता नुसतं about:blank दिसतं. त्यावर क्लिक केलं तर पांढरीफटक खिडकी उघडते आणि लोक म्हणतात बघा, अलाऊ केलं तरी कोरंच येतंय. त्याचं कारण असं की काही साइट आधी रिकामी खिडकी उघडतात आणि मग स्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या छोट्या प्रोग्रामने, त्यात हॉल तिकिटाचा मजकूर ओततात. ब्राउझरने खिडकी अडवली की स्क्रिप्टच्या हातात काहीच येत नाही, ती तिथेच अडखळून मरते. तुम्ही नंतर रिकामी खिडकी उघडली तरी तिच्यात ओतणारा कोणी उरलेला नसतो. तुमचं ते गोल फिरणारं चक्र पण बऱ्याचदा ह्यामुळेच फिरत राहतं, ते थांबवायची ओळ स्क्रिप्टमध्ये पुढे असते आणि स्क्रिप्ट तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून about:blank दिसलं तर लिंकच्या नादी लागू नका, Always allow करा, Done करा आणि बटण नव्याने दाबा. चक्रामुळे बटणच दाबता येत नसेल तर हॉल तिकिटाच्या पानावर रिफ्रेश मारायला हरकत नाही, फार तर लॉगिन परत मागेल.

आता लोकांना जास्त छळणारा प्रश्न, काल दुपारी झालं नाही आणि रात्री अकराला त्याच लॅपटॉपवर झालं, असं का? लोक म्हणतात रात्री सरकार साइट चालू करतं. तसं काही नसतं. ब्राउझरचा नियम असा आहे की माणसाने स्वतः क्लिक केल्यावर जी खिडकी उघडते ती चालेल, पण पान आपल्या मनाने खिडकी उघडायला लागलं की अडवायची. जाहिरातींच्या खिडक्या थांबवायला हा नियम आला आणि तो योग्यच आहे. पण ब्राउझर तुमचा क्लिक लक्षात ठेवतो तो थोडाच वेळ, क्रोममध्ये साधारण ५ सेकंद. साइट नीट बनवलेली असेल तर क्लिक होताच खिडकी उघडते आणि माहिती मागाहून त्यात येते. पण बऱ्याच साइट आधी सर्व्हरला विचारायला जातात, अर्ज क्रमांक बरोबर आहे का, फी भरली आहे का, आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडतात. रात्री उत्तर एका सेकंदात येतं, खिडकी उघडते. हॉल तिकीट सुटलं त्या दिवशी दुपारी लाख पोरं एकदम तुटून पडतात, उत्तर यायला आठ-दहा सेकंद लागतात, तोवर ब्राउझर तुमचा क्लिक विसरलेला असतो आणि त्याच्या लेखी ही खिडकी बिनबोलावती झाली. म्हणजे साइट तीच, बटण तेच, नुसता सर्व्हर हळू म्हणून खिडकी अडली. एकदा त्या साइटला परवानगी दिली की मग सेकंदांचा हिशोब राहत नाही.

ह्याचाच दुसरा भाऊ म्हणजे एका क्लिकवर दोन खिडक्या. काही ठिकाणी एकच बटण अर्जाची प्रत आणि पावती दोन्ही उघडतं. एका क्लिकवर एकच खिडकी सुटते, दुसरी अडते, आणि माणूस अर्ज प्रिंट करून खुशीत घरी जातो. पावती नव्हतीच हे त्याला कागदपत्र पडताळणीच्या वेळी कळतं.

आणि पेमेंट करून परत येताना तर क्लिकचा प्रश्नच नाही. बँकेच्या पानावरून तुम्हाला आपोआप परत सरकारी साइटवर आणून सोडतात, ते पान उघडता उघडताच पावतीची खिडकी उघडायला बघतं, आणि त्या पानावर तुम्ही अजून बोटसुद्धा लावलेलं नसतं. तिथे ब्राउझर अडवणारच. तुमचं मागच्या महिन्यात हेच झालं असणार.

इथे एक किस्सा सांगतो. मागच्या वर्षी एक काका मुलाला घेऊन आले, मुलाने घरी बसून एका भरतीची फी भरलेली. पैसे कटल्याचा मेसेज आला, पान परत आलं, त्यावर फक्त "पावतीसाठी थांबा" असं काहीतरी, पावती काही येईना. पोराने रिफ्रेश मारला. क्रोमने Confirm Form Resubmission असं विचारलं, त्याने Continue दाबलं. मग एरर आली. मग त्याने बॅक जाऊन परत फी भरली. परत तेच. तिसऱ्यांदा भरणार तेवढ्यात काकांनी हात धरला आणि माझ्याकडे आणला. आम्ही केलं काय, पहिलं म्हणजे पेमेंटच्या पानाला हातच लावला नाही. नवीन टॅबमध्ये नव्याने लॉगिन केलं, अर्जाच्या यादीत गेलो, तिथे पेमेंट स्टेटस सक्सेस दिसत होतं, म्हणजे पहिलीच फी पोचली होती. शेजारी पावतीचं बटण होतं, ते दाबलं, वर लाल खूण आली, चौकोन उघडला, लिंक खरी होती, about:blank नव्हती, क्लिक केलं, पावती समोर. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या वेळचे पैसे मात्र अर्ज करून परत मागावे लागले, दोन्ही व्यवहारांचे नंबर बँकेच्या स्टेटमेंटमधून काढून दिले, आणि त्यात काकांच्या बऱ्याच चकरा झाल्या.

तर पेमेंटनंतरच्या पानावर क्रम असा ठेवा. रिफ्रेश नाही, बॅक नाही. आधी लाल खूण शोधा आणि लिंकवरून पावती उघडा. लिंक about:blank असेल किंवा खूणच नसेल तर ते पान तसंच उघडं ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करा आणि स्टेटस बघा. पेंडिंग असेल तरी लगेच दुसऱ्यांदा भरू नका, बँकेकडून निरोप यायला कधी कधी वेळ लागतो, मी माझ्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी परत बघायला सांगतो, अर्थात शेवटची तारीख त्याच दिवशी नसेल तर. आणि पानावर जो काही ट्रान्झॅक्शन नंबर दिसतोय त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, स्क्रीनशॉट जमत नसेल तरी फोटो जमतो.

तुमची जुनी पावती शोधायची तीही अशीच, लॉगिन करून अर्जाच्या यादीतून. फी स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्टमधून भरली असेल तर आणखी सोपं, त्यांच्या साइटवर Payment History असतं, तिथे जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते टाकलं की जुने व्यवहार दिसतात, तिथूनच पावती निघते. DU ने सुरू होणारा रेफरन्स नंबर हाताशी असेल तर थेट त्याच्यावरूनही निघते. फक्त मोबाइल आणि जन्मतारीख भरताना जी टाकली होती तीच लागते, आणि तिथेच लोक अडतात, कारण फॉर्म भरणाऱ्याने घाईत स्वतःचा मोबाइल टाकलेला असतो. महाराष्ट्र शासनाच्या ग्रास ह्या पैसे भरायच्या साइटवर चलन भरलं असेल तर MH ने सुरू होणारा जीआरएन जपून ठेवा, चलन परत शोधायला तोच लागतो.

आता चौकोनातून अलाऊ करूनही झालं नाही, किंवा लाल खूण येतच नाही, तर सेटिंगमध्ये हाताने साइट घालता येते. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये हे टाइप करा:

```
chrome://settings/content/popups
```

एजमध्ये chrome च्या जागी edge लिहा. खाली Allowed to send pop-ups and use redirects असा भाग आहे, त्यात Add दाबून साइट टाका. समजा साइट महाऑनलाइनची आहे, तर असं:

```
[*.]mahaonline.gov.in
```

पुढचं ते चौकट-चांदणी-टिंब घातलं की त्या नावाखालच्या सगळ्या उपसाइट आल्या. हे कामाचं आहे, कारण लॉगिन एका नावावर आणि प्रिंट दुसऱ्या नावावर असं सरकारी साइटवर सारखं असतं. आणि एक चूक मी स्वतः सुरुवातीला करायचो, जी खिडकी उघडणार आहे तिचा पत्ता टाकायचो. परवानगी लागते ती ज्या पानावर बटण आहे त्या पानाच्या साइटला. बटण दाबताना ॲड्रेस बारमध्ये जे नाव आहे तेच टाकायचं. नाव नीट वाचा पण, भरतीच्या दिवसांत हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट फिरत असतात. प्रत्येक खरी साइट gov.in किंवा nic.in वर असतेच असंही नाही, सीईटी सेलची mahacet.org वर आहे, म्हणून मूळ जाहिरातीत छापलेल्या पत्त्याशी ताडून बघायचं.

फायरफॉक्समध्ये गोष्ट जरा सोपी, पानाच्या वर आडवी पट्टी येते, त्यातल्या बटणातून अलाऊही करता येतं आणि अडवलेली खिडकी उघडताही येते.

लाल खूण येत नाही ह्याची अजून दोन कारणं मी रोज बघतो, दोन्हीत खिडकी अडवलेलीच नसते. एक म्हणजे खिडकी उघडलेली आहे पण मागे लपली आहे. पहिल्यांदा उघडली, तुम्ही मोठ्या खिडकीवर क्लिक केलं, ती मागे गेली, आता बटण दाबलं की साइट तीच जुनी खिडकी वापरते आणि ती पुढे येतेच असं नाही. Alt आणि Tab दाबून बघा किंवा खाली टास्कबारवर क्रोमच्या चिन्हावर माउस न्या, दोन खिडक्या दिसतील. दुसरं, खिडकी क्षणभर चमकते आणि गायब होते. तेव्हा डाउनलोड फोल्डर बघा, तिथे हॉल तिकिटाच्या पाच-सहा पीडीएफ पडलेल्या असतात, दर क्लिकला एक. पीडीएफ ब्राउझरमध्ये न उघडता थेट उतरवायचं सेटिंग कोणीतरी लावलेलं असतं. ते बिघाड नाही, उलट फाइल आयती मिळाली. आणि ह्यातलं काहीच नसेल तर ॲडब्लॉकर तपासा, तो ब्राउझरच्या पॉप-अप सेटिंगपेक्षा वेगळा असतो, क्रोमने परवानगी दिली तरी तो मध्येच खिडकी खातो. इनकॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, तिथे प्रिंट निघाली तर चोर एक्स्टेन्शनच.

एक म्हातारी जात पण आहे, जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात बनलेल्या साइट. त्यांचं बटण दाबलं की ना खूण ना खिडकी, कारण त्या जी पद्धत वापरतात ती क्रोमने २०१४-१५ मध्येच काढून टाकली. तिथे पॉप-अप अलाऊ करून काही उपयोग नाही, एजमध्ये सेटिंग्जमधल्या Default browser मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी देऊन ते पान त्या मोडमध्ये उघडायचं. आता अशा साइट कमी राहिल्यात.

खिडकी उघडली की झालं असं समजू नका. हॉल तिकिटाची खिडकी बऱ्याचदा उघडताक्षणी प्रिंटचा डबा पुढे करते, फोटो यायच्या आधीच. नेट हळू असेल तर फोटोची आणि सहीची चौकट रिकामी छापली जाते. प्रिंटच्या डब्यात डाव्या बाजूला पान दिसतं, तिथे चेहरा दिसतोय का ते बघा, नसेल तर Cancel करा, दहा सेकंद थांबा, Ctrl आणि P दाबा. काही खिडक्या Cancel केल्यावर स्वतःच बंद होतात, मग परत बटण दाबा, दुसऱ्या खेपेला फोटो आधीच कॉम्प्युटरमध्ये उतरलेला असतो म्हणून बहुतेक वेळा येतो.

आणि लगेच प्रिंटर निवडू नका, Destination मध्ये Save as PDF घ्या. More settings उघडून कागद A4 आहे ना बघा, Letter असेल तर A4 करा, नाहीतर कागदावर खालची ओळ किंवा कडेचा बारकोड कापला जाण्याची भीती. Background graphics वर टिक करा म्हणजे रंगीत पट्ट्या आणि मागचं चिन्ह येतं. पीडीएफ उघडून फोटो, सही, केंद्राचा पूर्ण पत्ता, रिपोर्टिंगची वेळ आणि सगळी पानं बघा, मग त्या पीडीएफवरून हव्या तेवढ्या प्रती काढा. ह्याचा फायदा असा की दुकानातला प्रिंटर अडकला, शाई संपली, लाइट गेली तरी परत साइटच्या दारात जावं लागत नाही.

लॅपटॉप हाताशी नसेल आणि मोबाइलवरच करायचं असेल तर एक लक्षात घ्या, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली लिंक दाबली की ती कधी कधी त्याच ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथे नवीन खिडकी आणि प्रिंट दोन्हीचा भरवसा नाही. कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून ती क्रोममध्ये उघडा. क्रोममध्ये खिडकी अडली की एक पट्टी येते, तिच्यावर Always show असतं, ते दाबा. पट्टी निसटली तर तीन टिंबं, Settings, Site settings, Pop-ups and redirects. पावती दिसली की तीन टिंबांतून Share, मग Print, आणि तिथेही Save as PDF. आयफोनवर सफारी असेल तर सेटिंग्जमध्ये सफारीत Block Pop-ups आहे, ते तेवढ्यापुरतं बंद करायचं. फक्त काम झाल्यावर परत चालू करा.

आणि हे सगळं कॅफेत किंवा कोणाच्या कॉम्प्युटरवर करत असाल तर पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवून तिथल्या डाउनलोड फोल्डरमधून उडवा, रिसायकल बिनमधूनही. हॉल तिकिटावर नाव, जन्मतारीख, फोटो, सही सगळं एकाच कागदावर असतं, आणि माझ्याच दुकानात महिन्याच्या शेवटी डाउनलोड साफ करताना शंभरेक अनोळखी चेहरे निघतात.